स्मार्टवॉचचा हार्ट रेट सेन्सर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनपासून मी एक मध्यम किमतीचे स्मार्टवॉच रोज वापरत आहे. पहिले पाच महिने हृदयगतीच्या आकड्यांबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. नाशिकची थंडी सुरू झाली आणि पहाटे फिरायला निघाल्यावर पहिली दहा मिनिटे पडद्यावर आकड्याच्या जागी नुसते "--" दिसू लागले, आणि आकडा आलाच तर तो थेट १२० च्या आसपास. सेन्सर बिघडला असे समजून मी घड्याळ दुरुस्तीला देण्याच्या बेतात होतो. तसे काही झाले नव्हते.

घड्याळाच्या मागच्या काचेतून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्त तो प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालचे रक्त किंचित वाढते आणि परत येणारा प्रकाश तेवढाच कमी होतो. हा अगदी बारीक चढउतार मोजून घड्याळ ठोके सांगते. काच आणि त्वचा यांच्यात फट राहिली की बाहेरचा उजेड आत शिरतो, घड्याळ हातावर हलते, आणि त्या हालचालीचा परिणाम ठोक्यांपेक्षा मोठा ठरतो.

माझा १२० चा आकडा असाच आला होता. एके दिवशी मी चालता चालता मिनिटाला किती पावले पडतात ते मोजले, तर ती ११८ भरली, आणि घड्याळावरचा आकडाही जवळपास तोच होता. लगेच थांबून मनगटावर तीन बोटे ठेवली आणि पंधरा सेकंद नाडी मोजली. २४ ठोके, म्हणजे मिनिटाला ९६. घड्याळ हृदयाचे ठोके सोडून पावलांचा ताल मोजत होते. ही चूक ओळखण्याची आणखी एक सोपी खूण आहे. चालणे मुद्दाम संथ केल्यावर आकडा क्षणात खाली आला, तर तो पावलांचा असण्याची शक्यता जास्त, कारण खरी नाडी अशी एकदम न उतरता हळूहळू उतरते.

पट्ट्याची अडचण वेगळी होती. सोबत आलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्याला ठरावीक अंतरावर भोके असतात; माझ्या मनगटाला एका भोकात तो सैल पडे आणि पुढच्या भोकात त्वचेवर वळ उठत. फार आवळूनही उपयोग नसतो, कारण दाबामुळे त्वचेतले रक्त बाजूला सरते आणि मोजायला फारसे काही उरत नाही. शेवटी मी वेल्क्रोचा कापडी पट्टा घेतला, जो हवा तेवढाच ओढता येतो. आता फिरायला निघताना घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवतो आणि हात हलवला तरी ते जागचे हलणार नाही इतपत पट्टा ओढतो. घरी आल्यावर पुन्हा सैल करतो. पावलांचा ताल पकडण्याची चूक त्यानंतर क्वचितच झाली.

"--" मात्र जाईना, आणि त्याचे कारण सापडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. थंडीत माझ्या मनगटाची त्वचा पांढरी पडून तिचे पापुद्रे निघतात, म्हणून मी अंघोळीनंतर खोबरेल तेल लावून लगेच घड्याळ बांधत असे. एका सकाळी घड्याळ काढून मागची काच खिडकीजवळ तिरपी धरली, तेव्हा तिच्यावर तेलाचा धुरकट थर, त्यात चिकटलेला त्वचेचा कोंडा आणि कडेच्या खोबणीत वाळलेल्या घामाची पांढरी रेघ स्पष्ट दिसली. म्हणजे कोरड्या त्वचेवर मी केलेल्या उपायानेच काच मळत होती. घड्याळ बंद करून ओल्या मऊ कापडाने काच पुसली, खोबणीतून ओला कापूस फिरवला आणि सगळे पूर्ण कोरडे केले. त्या दिवशी आकडा दोन मिनिटांत आला.

आता तेल रात्री घड्याळ काढल्यावर लावतो आणि सकाळी मनगट धुऊन, पुसून मगच घड्याळ बांधतो. काच दर तीन-चार दिवसांनी पुसतो. खरखरीत कापड किंवा टोकदार वस्तू तिला लावत नाही.

एवढे करूनही कडाक्याच्या थंडीत पहिली काही मिनिटे आकडा अडखळतो, कारण गारठ्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. घरातच पाच मिनिटे हातपाय हलवून, स्वेटरची बाही घड्याळावर ओढून निघालो की हा त्रास पुष्कळ कमी होतो. वेगात जिना चढताना घड्याळ अजूनही काही सेकंद मागे राहते, आणि ते मी चालवून घेतो.

स्वस्थ बसलेले असताना मोठा आकडा दिसला, तर मी आधी बोटांनी पूर्ण एक मिनिट नाडी मोजतो. ती घड्याळाशी जुळली किंवा अनियमित लागली, तर काच पुसत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जाणे योग्य. माझ्या बाबतीत आतापर्यंत प्रत्येक वेळी नाडी ठीक होती आणि पट्टा सैल होता.