फ्लॅग, पेनंट की ट्रँगल: व्हॉल्यूम कुठे जास्त उपयोगी पडतो?

हे तिन्ही पॅटर्न म्हणजे चालू तेजी किंवा मंदीतला थांबा. त्यातल्या फ्लॅग आणि पेनंटमध्ये निवड करत बसू नका. दोन्हींच्या आधी सरळसोट उसळी किंवा घसरण लागते, जिला पोल म्हणतात. दोन्ही साधारण तीन आठवड्यांत संपतात. फ्लॅगच्या रेषा समांतर असतात आणि बहुधा ट्रेंडच्या उलट झुकतात, तर पेनंटच्या रेषा एकमेकींकडे येतात. सौद्याच्या दृष्टीने फरक एवढाच. खरी निवड आहे ती फ्लॅग आणि ट्रँगलमध्ये.

एक काल्पनिक शेअर घेऊ. तो सहा दिवसांत ४०० वरून ४६० ला गेला आणि रोजचा व्हॉल्यूम ५ लाखांवरून १५ लाखांवर पोहोचला. पुढचे नऊ दिवस तो हळूहळू ४४० पर्यंत घसरला आणि व्हॉल्यूम ४ लाखांवर आला. विकणारे घाईत नाहीत, हे यातून दिसतं. मग ११ लाखांच्या व्हॉल्यूमवर वरची रेषा तोडून ४५६ ला बंद झाला. पोल ६० रुपयांचा, म्हणून ४४० मध्ये ६० मिळवून टार्गेट ५००. स्टॉपलॉस ४४० खाली. म्हणजे १६ च्या जोखमीवर ४४ ची अपेक्षा.

घसरताना व्हॉल्यूम वाढत असेल, किंवा भाव पोलच्या निम्म्याहून जास्त खाली आला, तर मी त्याला फ्लॅग धरत नाही.

आता तोच शेअर सात आठवडे ४६० ला अडतो आणि तळ ४२४, ४३६, ४४४ असे चढत जातात. हा असेंडिंग ट्रँगल. ४६४ ला ब्रेकआउट, स्टॉपलॉस ४४४ खाली, उंची ४६० वजा ४२४ म्हणजे ३६, ती ४६० मध्ये मिळवून टार्गेट ४९६. इथे २० च्या जोखमीवर ३२. हिशेब फ्लॅगइतका आकर्षक नाही, पण पातळी आधीच ठरलेली असते. नोकरी सांभाळून ट्रेडिंग करणाऱ्याला ४६० चा अलर्ट लावून ठेवता येतो.

ट्रँगलमध्ये व्हॉल्यूमची खूण मात्र पुसट असते. सात आठवड्यांत कुठल्याही शेअरचा व्हॉल्यूम आटू शकतो. त्यामुळे मी चढत्या दिवसांचा सरासरी व्हॉल्यूम उतरत्या दिवसांपेक्षा जास्त आहे का, ते पाहतो. ब्रेकआउट दोन्ही रेषा मिळतात त्या टोकाच्या अगदी जवळ येईपर्यंत लांबला, तर त्यात सहसा जोर उरत नाही. खालच्या बाजूचा ब्रेकआउट कमी व्हॉल्यूमवरही खरा ठरू शकतो, कारण खरेदीदार नुसते बाजूला झाले तरी भाव पडतो.

रोजच्या चार्टवर नियमित लक्ष ठेवता येत असेल तर फ्लॅग घ्या, नाहीतर ट्रँगल. पंधरा मिनिटांच्या चार्टवर मात्र जपून. एनएसईवर सकाळी सव्वानऊनंतर आणि साडेतीनच्या आधी उलाढाल जास्त, दुपारी कमी, हे रोजचंच. तेव्हा साडेबाराच्या पेनंटमधला आटलेला व्हॉल्यूम त्याच शेअरच्या आधीच्या काही दिवसांच्या त्याच वेळेशी ताडून पाहा.