गावच्या दूध संकलनात लॅक्टोमीटर: दिवाळीपासून मे अखेरपर्यंतच्या वापरानंतरचा अनुभव

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करून ते पुढे डेअरीच्या गाडीत देण्याचे काम मी पाहतो. बहुतेक दूध गवळाऊ आणि संकरित गाईंचे असते, थोडे नागपुरी म्हशींचे. दिवाळीच्या सुमारास मी काचेचा लॅक्टोमीटर, उंच जार आणि वेगळा थर्मामीटर असा संच घेतला. किंमत काही शंभर रुपयांतच बसली. कडाक्याच्या थंडीपासून विदर्भाच्या मे महिन्यापर्यंत तो रोज वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. दुधात पाणी घातले आहे की नाही, हे हे साधन सांगते का, एवढाच प्रश्न येथे घेतो.

प्रथम साधन काय मोजते ते पाहू. लॅक्टोमीटर पाणी मोजत नाही, तो दुधाची घनता मोजतो. दांडीवर 29 आकडा दिसला, तर त्या दुधाचे विशिष्ट गुरुत्व 1.029 आहे. गाईचे चांगले दूध बहुधा 28 ते 30 च्या दरम्यान येते, म्हशीचे साधारण 30 ते 32. पाण्याचे गुरुत्व 1.000, म्हणजे साधनावर शून्य, म्हणून पाणी मिसळले की आकडा त्याच प्रमाणात खाली येतो. 29 वाचनाच्या दुधाच्या नऊ भागांत एक भाग पाणी टाकले, तर आकडा 29 चा नऊ-दशांश, म्हणजे सुमारे 26 होतो. दूध हलके झाले की साधन अधिक बुडते, आणि दांडीवरचे लहान आकडे वरच्या बाजूला असल्याने वाचन कमी दिसते.

खरी अडचण तापमानाची आहे. माझ्या साधनाच्या दांडीवर 84°F, म्हणजे सुमारे 29 अंश सेल्सियस, असे छापलेले आहे. आकडा फक्त त्याच तापमानाला खरा असतो. दूध गरम असेल तर ते प्रसरण पावून हलके होते, साधन खोल जाते आणि चांगले दूधही पातळ असल्यासारखे दिसते. दूध थंड असेल तर उलट होते आणि पाणी घातलेले दूध पास होऊन जाते. यासाठीची दुरुस्ती सोपी आहे: 29 अंशांपेक्षा जितके अंश जास्त, तितक्या प्रत्येक अंशाला 0.2 मिळवायचे आणि जितके कमी, तितक्या अंशांना 0.2 वजा करायचे. अशा दुरुस्त वाचनाला सीएलआर म्हणतात. बाजारात 60°F आणि 27 अंश सेल्सियसची साधनेही मिळतात, त्यामुळे घेताना दांडीवरचे तापमान वाचून घ्यावे. शेजाऱ्याच्या साधनाशी आकडे जुळत नाहीत, यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

ही दुरुस्ती साधारण पाच अंशांच्या फरकापर्यंतच भरवशाची आहे, हे मी आग्रहाने सांगेन. जानेवारीत सकाळी कॅनमधले दूध 17-18 अंशांवर असते आणि त्यातली चरबी अंशतः गोठलेली असते. तेथे नुसती वजाबाकी करून भागत नाही. असा नमुना कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून 40 अंशांपर्यंत न्यायचा, पाचेक मिनिटे तेथेच ठेवायचा, हलक्या हाताने ढवळायचा आणि नंतर 29 अंशांच्या आसपास आणून मग वाचन घ्यायचे. रांगेत लोक उभे असताना हे कंटाळवाणे वाटते, पण त्यावाचून हिवाळ्यातले आकडे कामाचे नाहीत. उन्हाळ्यात नमुन्याचा जार माठातल्या पाण्यात थोडा वेळ ठेवला की तापमान खाली येते.

मे महिन्यातला वाद बहुतेक ताज्या धारेच्या दुधावरून होतो. एक काकू गोठ्यातून थेट किटली घेऊन आल्या आणि वाचन 26.5 आले. त्या म्हणाल्या, "भाऊ, आत्ताच धार काढली, मंग पाणी येईल कोठून?" त्यांचे म्हणणे रास्त होते. दूध 36 अंशांवर होते. सात अंशांचे 1.4 मिळवले तर 27.9 होतात, पण फरक पाच अंशांच्या बाहेरचा आणि दूधही धारेचे. नुकत्याच काढलेल्या दुधात बारीक हवा अडकलेली असते, चरबीही अजून पूर्ण वितळलेली असते, आणि पुढच्या एक-दोन तासांत घनता हळूहळू वाढते. तोच नमुना झाकून ठेवला आणि दोन तासांनी 29 अंशांवर पाहिला, तेव्हा वाचन 28.8 आले. काकूंच्या दुधात पाणी नव्हते. तेव्हापासून धारेच्या दुधाचे पहिले वाचन मी वहीत लिहीतच नाही.

मोजण्याच्या रीतीबद्दल थोडे. कॅन तळापासून ढवळल्याशिवाय नमुना घेऊ नये, कारण वर साय चढलेली असते आणि वरचे चरबीचे दूध हलके लागते. ढवळताना घुसळू नये, फेस आला तर वाचन बिघडते. जार काठोकाठ भरून साधन हळू सोडावे, ते जारच्या भिंतीला न चिकटता तरंगते आहे हे पाहावे आणि अर्ध्या मिनिटाने डोळा दुधाच्या पातळीला आणून वाचावे. दूध पारदर्शक नसल्याने दांडीला चढलेल्या कडेचा वरचा आकडा घ्यावा लागतो. साधनाच्या फुग्यावर सुकलेल्या दुधाचा पापुद्रा राहिला तर ते जड होऊन अधिक बुडते, म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर ते धुऊन पुसावे.

आता फेब्रुवारीतला एक नमुना पूर्ण मांडतो, कारण साधनाची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. एका घरच्या गाईंचे दूध नेहमी सीएलआर 29 आणि फॅट 4.4 देत असे. एसएनएफ, म्हणजे चरबी सोडून दुधातल्या बाकीच्या घन पदार्थांची टक्केवारी, काढायला आमच्याकडे वापरतात ते सूत्र असे: सीएलआर भागिले चार, अधिक फॅटचे 0.21 पट, अधिक 0.36. त्यातून नेहमीचे एसएनएफ 8.5 येत असे. त्या सकाळी दूध 24 अंशांवर होते आणि वाचन 27.5 आले. डोळ्यांना हा आकडा ठीक वाटतो आणि दुरुस्ती न करणारा माणूस तो सोडूनही देईल. पाच अंशांचे 1.0 वजा केल्यावर सीएलआर 26.5 राहिला. 26.5 ला 29 ने भागले तर 0.914 येते, म्हणजे मिश्रणात सुमारे साडेआठ टक्के पाणी. फॅट 4.0 आले, तेही 4.4 च्या सुमारे 0.91 पट. सूत्राने एसएनएफ 7.8 आले, जे 8.5 च्या तुलनेत तेवढ्याच प्रमाणात घसरलेले आहे. तिन्ही आकडे एकाच प्रमाणात खाली आले, तर पाणी मिसळल्याचा संशय भक्कम होतो. दहा लिटरच्या कॅनमध्ये ते जवळपास 850 मिलिलिटर होते.

हेच दूध सायीसकट न देता अर्धी चरबी काढून दिले असते, तर मात्र लॅक्टोमीटर एकटा फसला असता. चरबी पाण्याहून हलकी आहे, त्यामुळे ती काढली की दूध जड होते आणि 29 चे वाचन साडेएकतीसच्या आसपास जाते. त्यात आठ टक्के पाणी टाकले की ते परत 29 वर येऊन बसते. वाचन निर्दोष, दूध मात्र दोनदा लुबाडलेले. येथे फॅट 4.4 वरून 2.1 च्या जवळ येते आणि एसएनएफ 8.05 वर घसरते, म्हणून फॅट मोजल्याशिवाय लॅक्टोमीटरचा निकाल देऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. साखर, मीठ किंवा युरिया टाकूनही घनता वर नेता येते. त्याचा शोध घनतेने लागत नाही, त्यासाठी वेगळ्या रासायनिक चाचण्या कराव्या लागतात.

साधनाची तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. पहिल्या नगात दांडीच्या आतली आकड्यांची कागदी पट्टी उन्हाळ्यात थोडी सरकली आणि सगळ्या घरांचे वाचन एकाच वेळी एका आकड्याने कमी येऊ लागले. सगळ्यांनी एकाच दिवशी सारखेच पाणी घातले असेल, हे शक्य नव्हते. तपासणी सोपी निघाली: 29 अंशांच्या शुद्ध पाण्यात साधन शून्य दाखवायला हवे, आणि ते शून्यावर थांबत नव्हते. विक्रेत्याने बदलून दिले नाही, म्हणून दुसरा नग घेतला. आता दर आठवड्याला बॅटरीचे पाणी म्हणून मिळणारे डिस्टिल्ड पाणी घेऊन ही शून्याची तपासणी करतो आणि आकडा तारखेसह वहीत लिहितो.

एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या एका घरचे दूध लागोपाठ काही दिवस सीएलआर 26.5 च्या आसपास येत होते आणि लोक बोलू लागले होते. कमी आकडा म्हणजे पाणी, असा निर्णय मी त्यावर दिला नाही, कारण फॅट त्याच प्रमाणात घसरलेले नव्हते आणि उन्हाळ्यात हिरवा चारा आटून गुरे कोरड्या कुटारावर आणि थोड्या सरकी ढेपेवर राहिली की एसएनएफ मुळातच उतरते. अशा वेळी उत्तर फक्त गोठ्यात मिळते. मी संध्याकाळी त्यांच्या गोठ्यावर गेलो, गाय समोर पूर्ण दोहवून घेतली, सगळे दूध एकत्र ढवळून नमुना घेतला आणि दोन तासांनी 29 अंशांवर वाचला. वाचन 26.6 आले. दूध निर्भेळ होते आणि कमी होते ते गाईचेच. एका सडाचे दूध खारट लागत होते. पशुवैद्यकांनी स्तनदाहाचे निदान करून उपचार सुरू केले. या आजारात दुधातली साखर घटते आणि एसएनएफ खाली येते. त्या घराचे दूध तेव्हापासून मी त्याच गोठ्याच्या नमुन्याशी ताडून पाहतो, छापील मानकाशी नाही.