११४ गुणांची तपासणी-सूची: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांची तपासणी अपेक्षित असल्यामुळे आमच्या ४० खुर्च्यांच्या उपाहारगृहात मी एफएसएसएआयची केटरिंगसाठीची ११४ गुणांची तपासणी-सूची दरमहा स्वतः भरू लागलो, त्याला आता आठ महिने झाले. साध्या प्रश्नाला दोन गुण असतात आणि तारांकित प्रश्नाला चार. मात्र एकही तारांकित प्रश्न चुकला, तर बेरीज कितीही चांगली असली तरी निकाल नापासच. पहिल्या महिन्यात आम्हाला १०४ गुण मिळाले आणि मी खूश झालो. नंतर लक्षात आले, की पाण्याच्या सहामाही तपासणीचा अहवाल जुना होता आणि तो प्रश्न तारांकित होता.

सूचीची खरी मर्यादा मात्र ग्रेव्हीने दाखवली. शिजवलेले अन्न ६० अंशांवरून दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या दोन तासांत ५ अंशांवर आले पाहिजे. मी सलग तीन महिने येथे पूर्ण गुण दिले, कारण नोंदवहीत रोज ‘४ अंश’ असे सुबक अक्षरात लिहिलेले असे. तो आकडा फ्रिजच्या दारावरचा होता, ग्रेव्हीचा नव्हे.

चौथ्या महिन्यात सळईचा थर्मामीटर आणला. आधी तो बर्फाच्या पाण्यात धरला, तर शून्याऐवजी अडीच अंश दाखवू लागला. तो बदलून घेतला. मग बारा लिटर लाल ग्रेव्हीच्या खोल टोपात, अगदी मध्यभागी, मोजमाप केले. दुपारी चार वाजता ६० अंश होते आणि सहा वाजता ४६. कडेला हात लावला तर टोप कोमट वाटत होता, म्हणूनच आचारी त्याला ‘गार झाली’ म्हणत असे. तो टोप तसाच फ्रिजमध्ये गेल्यावर आतले तापमान ११ अंशांवर चढले आणि त्याची झळ खालच्या कप्प्यातल्या पनीर-दह्यालाही बसली.

आता तीच ग्रेव्ही चार पसरट ट्रेमध्ये, जेमतेम दोन इंच उंचीची ओतून, बर्फाच्या पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळली जाते आणि ती तासाभरात २१ अंशांखाली येते. बर्फाचा खर्च वाढला आणि सिंक दुपारी अडून राहते, ही आचाऱ्याची तक्रार रास्त आहे. त्यासाठी भांडी घासण्याची वेळ पुढे ढकलावी लागली.

माझ्या मते ही सूची उपयुक्त आहे, परंतु ती मालकाने वही पाहून भरू नये. मी सकाळी नव्हे, तर दुपारच्या गर्दीनंतर, न सांगता भरतो. गेल्या महिन्यात ९८ गुण आले. नोंदवहीत आता १९, २३, २० असे वेगवेगळे आकडे दिसतात, आणि २३ च्या पुढे आचाऱ्याने ‘बर्फ उशिरा आला’ असे लिहिले आहे.