१६५/८० आर१४ च्या जागी १७५/८० की १८५/७०?

जळगाव-धुळ्याकडे शेतरस्त्यावर जाणारी गाडी असली की टायर बदलताना हाच प्रश्न येतो. रिम तीच, १४ इंची. मग फरक पडतो तो उंचीत, आणि ती टायरच्या बाजूवरच्या आकड्यांतून काढता येते.

```
व्यास (मिमी) = रिम × 25.4 + 2 × रुंदी × टक्के / 100
```

दुसरा आकडा मिलीमीटर नाही, तो रुंदीचा टक्का आहे. चूक इथेच होते. १६५ चे ८० टक्के १३२. वर-खाली मिळून २६४, त्यात रिमचे ३५५.६ मिळवले की ६१९.६ मिमी.

१८५/७० चा व्यास येतो ६१४.६. टायर रुंद झाला, पण ५ मिमीने बुटका. १७५/८० मात्र ६३५.६ भरतो, म्हणजे १६ मिमी जास्त, सुमारे २.६ टक्के. साधारण ३ टक्क्यांच्या आत राहावं, त्यामुळे हा अगदी काठावर. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी जुन्या टायरच्या मानाने ८२ ने पळत असेल.

गाडी मात्र निम्मीच, ८ मिमी उचलली जाते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चाकोरीत तेवढंही उपयोगी, म्हणून आमचा कौल १७५/८० ला. फक्त गाडी पूर्ण भरून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून बघा. मडगार्डच्या आतल्या अस्तरावर घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर १८५/७० च घ्या. चिखल साचल्यावर ती जागा आणखी कमी होते.