गोदामाची उंची छापली ३२ फूट, निघाली २६

गोदाम भाड्याने घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचा. आम्हाला फसवलं ते उंचीच्या आकड्याने. माहितीपत्रकावर 'क्लिअर हाइट ३२ फूट' असं ठळक छापलं होतं आणि तेवढ्यावर मालकाने चौरस फुटाचा दर आसपासच्या गोदामांपेक्षा चढा लावला. तेवढ्याच जागेत माल जास्त उंच रचता येणार, म्हणून आम्ही तो मान्य केला.

करार झाल्यावर रॅकिंगवाल्यांचा माणूस मापं घ्यायला आला. त्याने भिंतीजवळ जमिनीवर लेझर मीटर ठेवला. लाल ठिपका छतापर्यंत पोचलाच नाही, स्प्रिंकलरच्या पाइपावर अडला. २६ फूट. मधोमध, जिथे उतरतं छप्पर सर्वांत उंच होतं, तिथे मात्र ३२ भरले. क्लिअर हाइट मोजतात ती जमिनीपासून सर्वांत खाली आलेल्या अडथळ्यापर्यंत, मग तो पाइप असो, तुळई असो की दिवा. छप्पर उभारणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही.

या सहा फुटांनी काय झालं ते बघा. मालासकट आमचं पॅलेट पाच फुटांचं. बीम आणि उचलायला लागणारी मोकळी जागा धरून दर थराला सहा फूट लागतात. पहिला थर जमिनीवर, म्हणजे चौथ्याचा माथा २३ फुटांवर येतो आणि पाचव्याचा २९ वर. आमच्याकडच्या प्रकारच्या स्प्रिंकलरखाली तीन फूट मोकळे सोडावेच लागतात, नाहीतर आग लागल्यावर पाणी नीट पसरत नाही. ३२ मधून तीन गेले की पाच थर बरोबर बसतात. २६ मधून तीन गेले की चारच. मधली चिंचोळी पट्टी सोडली तर पाचवा थर कुठेच बसेना. माल जवळपास पाचातला एक भाग कमी, भाडं तेवढंच, म्हणजे प्रत्येक पॅलेटमागे भाडं सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं.

मालकाकडे गेलो तर त्याने करारातलं एक वाक्य दाखवलं: 'भाडेकरूने जागा पाहून, खात्री करून, आहे त्या स्थितीत घेतली आहे.' अख्ख्या करारात उंचीचा आकडाच नव्हता. तो फक्त माहितीपत्रकावर, आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'मापे अंदाजे'. लॉक-इन असल्यामुळे सोडून जाण्याची सोय नाही. लोडिंग बेचंही तेच. दाखवताना सगळे आपलेच, करारात 'सामायिक वापर'.

सही करण्याआधी रॅकिंगवाल्याला सोबत नेऊन कडेच्या भिंतीपाशी, तुळईखाली आणि पाइपाखाली लेझरने मापं घ्या आणि ती नकाशावर लिहून दोघांच्या सह्यांनिशी कराराला जोडा. करारात हे वाक्य घाला: 'जमिनीपासून सर्वांत खालच्या अडथळ्यापर्यंत किमान इतके फूट, कमी भरल्यास त्या प्रमाणात भाडं कमी होईल किंवा लॉक-इन लागू राहणार नाही.' मालक या वाक्याला नकार देत असेल तर छापलेल्या उंचीवर त्याचाच भरवसा नाही असं समजा आणि दुसरं गोदाम बघा.