रॅम तपासायची कशाने? विंडोजची चाचणी, मेमटेस्ट८६ प्लस आणि टेस्टमेम५

गेम दर वेळी एकाच जागी बंद पडत असेल तर संशय आधी गेमवर घ्या, मग ग्राफिक्स ड्रायव्हरवर. पण आज गेम लोड होताना थेट डेस्कटॉपवर आलात, उद्या नुसता ब्राउझर उघडताना निळा स्क्रीन आला आणि त्यावरचं नावही बदलत राहिलं, म्हणजे एकदा MEMORY_MANAGEMENT, एकदा IRQL_NOT_LESS_OR_EQUAL, मग PAGE_FAULT_IN_NONPAGED_AREA, तर रॅमकडे वळायला हरकत नाही. स्टीमवर गेमच्या फायली तपासल्या की दर खेपेला वेगळ्याच दोन-चार बिघडलेल्या निघतात, किंवा तीच मोठी झिप कधी नीट उलगडते आणि कधी CRC चुकल्याचं सांगते, ही त्याहून पक्की खूण. ड्रायव्हर सहसा असले उद्योग करत नाही.

विंडोजमधली चाचणी हाताशीच असते. रनमध्ये mdsched.exe टाकायचं, रीस्टार्टला होकार द्यायचा, की झालं. काही डाउनलोड करायचं नाही, बायॉसला हात लावायचा नाही. आतेबहिणीला फोनवरून काही सांगायचं असेल तर मीही आधी हेच सांगतो. फक्त चाचणी सुरू झाल्यावर F1 दाबून Extended निवडायला सांगतो, कारण आपोआप चालणारी Standard चाचणी फारच मवाळ आहे. तिने चूक दाखवली तर रॅममध्ये गडबड आहे हे बहुधा खरं असतं. दाखवली नाही, तर त्यावरून फारसं काही कळत नाही.

माझं तिच्याशी बिनसलं ते मात्र वेगळ्या कारणाने. रात्री चाचणी लावून झोपावं, तर सकाळी समोर लॉगिन स्क्रीन. चाचणी संपली की मशीन स्वतःच रीस्टार्ट होतं आणि निकाल म्हणे लॉगिननंतर कोपऱ्यातल्या सूचनेत येणार. कधी येते, कधी येत नाही, कधी आपण चहा आणायला गेलो असताना येऊन जाते. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिम लॉगमध्ये शोधाशोध. त्यापेक्षा पॉवरशेलमध्ये हे टाकलेलं बरं:

```
Get-WinEvent -FilterHashtable @{LogName='System'; ProviderName='Microsoft-Windows-MemoryDiagnostics-Results'} -MaxEvents 1 | fl
```

एवढं करून हाती काय लागतं, तर एक वाक्य. चुका आढळल्या नाहीत, किंवा हार्डवेअरमध्ये दोष आहे, कंपनीशी संपर्क साधा. कुठल्या पत्त्यावर, काय लिहिलं होतं, काय वाचलं गेलं, रॅम छापील वेगाने चालवणाऱ्या XMP सेटिंगमुळे झालं की स्टिकच गेली, यातलं काहीच नाही. पुढचा निर्णय तर नेमका या तपशिलावर घ्यायचा असतो.

मेमटेस्ट८६ प्लस तो तपशील समोर मांडतो. हा मुक्तस्रोत आहे, memtest.org वर मिळतो, पेनड्राइव्हवर टाकून विंडोज सुरू होण्याआधीच चालवायचा. याच नावाचा, पण ‘प्लस’ नसलेला मेमटेस्ट८६ वेगळा आहे. तोही चांगला, दिसायला जास्त देखणा, पण त्याची फुकट आवृत्ती चार पासनंतर, म्हणजे सगळ्या चाचण्यांच्या चार फेऱ्यांनंतर, थांबते. शिवाय त्यातल्या शेवटच्या, शेजारच्या पेशींवर सारखा मारा करणाऱ्या हॅमर टेस्टमध्येच चूक आली तर स्टिक बदलायची की नाही यावर चर्चा संपत नाही. प्लसमध्ये तो प्रश्नच येत नाही.

बूट करताना प्लस अडला तर बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करावा लागतो. इथे सावध राहा. बिटलॉकर चालू असेल तर त्यानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती की आधी मोबाइलमध्ये किंवा कागदावर उतरवून ठेवा, मगच बायॉसमध्ये जा. आणि मशीन यूपीएसवर असू द्या. पहाटे पाच मिनिटं वीज गेली की रात्रभराची चाचणी पाण्यात.

माझ्या मशीनवर ३२ जीबीला एका पूर्ण पासला दीड-दोन तास लागतात, तुमच्याकडे कमी-जास्त लागतील. पहिला पास मुद्दाम आखडता असतो. त्यामुळे एक पास झाल्यावर हिरव्या अक्षरांत PASS दिसलं म्हणून उठू नका. रात्रभर चालू द्या.

आता निकाल. माझी जोडी डीडीआर४ ची, १६-१६ जीबी, XMP लावून ३२०० वर. विंडोजच्या चाचणीने तिला निर्दोष ठरवलं होतं. मेमटेस्टमध्ये दुसऱ्या पासात लाल ओळी येऊ लागल्या, आणि त्यांत नजर ठेवायची ती शेवटच्या दोन रकान्यांवर, म्हणजे काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं:

```
Expected          Found
ffffffffffffffff  ffffffffffffffef
```

शेवटून दुसऱ्या जागी f ऐवजी e. म्हणजे 1111 लिहिलं आणि 1110 परत आलं. ६४ बिटांपैकी एक बिट शून्यावर पडला. पुढच्या ओळींत पत्ते बदलत होते, पण e त्याच जागी. सगळे शून्य लिहिले तेव्हा मात्र एकही चूक नाही. बिट एका बाजूलाच पडतोय आणि तोही नेहमी तोच, याचा अर्थ बहुतेक वेळा असा की एखाद्या चिपमधला एक तुकडा गेलाय. चुका जर वेगवेगळ्या बिटांवर, दूरदूरच्या पत्त्यांवर, अगदी पाऊस पडावा तशा आल्या असत्या, तर मी स्टिकपेक्षा वेगावर, व्होल्टेजवर किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर जास्त संशय घेतला असता.

पत्त्यावरून स्टिक ओळखायचा मोह होतो. तो टाळा. दोन स्टिक जोडीने चालतात तेव्हा डेटा दोघींवर आलटून पालटून पसरतो. पत्ता निम्म्याच्या वर आहे म्हणून दुसरी स्टिक खराब, हा हिशोब चालत नाही.

म्हणून आधी XMP बंद करून २१३३ वर पुन्हा चाचणी. चुका कमी झाल्या, पण गेल्या नाहीत आणि e जागचा हलला नाही. XMP बंद करताच त्या पूर्ण गेल्या असत्या तर स्टिक खराब आहे असं मी म्हटलं नसतं. तेव्हा बायॉस अपडेट करून पाहायचं, किंवा ३२०० ऐवजी ३००० वर चालवून पाहायचं. गेममध्ये तो फरक मला तरी जाणवत नाही. त्यानंतर एकेक स्टिक काढून, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून तपासणी. एक स्वच्छ, दुसरीत तीच लाल ओळ. मग खराब स्टिक वेगळ्या स्लॉटमध्ये टाकली, चूक तिच्यासोबत गेली. चांगली स्टिक तिच्या आधीच्या जागी निर्धास्त. स्लॉट सुटला, स्टिक अडकली.

इतकं केल्यावर वॉरंटीच्या काउंटरवर काय होतं तेही सांगतो. विंडोजचं वाक्य दाखवल्यावर तिथल्या दादांनी ‘विंडोज नव्याने टाकून बघा’ म्हटलं होतं. लाल ओळींचा फोटो दाखवल्यावर, ‘दोन्ही आणा, किट जोडीनेच बदलतं.’ पुढे काही बोलणं झालं नाही.

टेस्टमेम५ बद्दल थोडक्यात. तो विंडोजच्या आत चालतो, anta777 च्या कॉन्फिगसोबत लोक वापरतात, आणि वेग-टायमिंग हाताने बदलणाऱ्यांमध्ये त्याचा शब्द प्रमाण मानतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. त्याची खरी जमेची बाजू उष्णता आहे. मेमटेस्ट चालतो तेव्हा ग्राफिक्स कार्ड गार पडलेलं असतं, रात्रही असते. गेम मात्र मे महिन्यात दुपारी तीनला, बंद कॅबिनेटमध्ये चालतो. रॅम तापली की तिच्या पेशींमधला चार्ज लवकर गळतो. ८५ अंशांच्या वर गेल्यावर तर रिफ्रेश दुप्पट वेगाने करावा लागतो. त्यामुळे मेमटेस्टमध्ये रात्रभर शून्य चुका आणि गेममध्ये तरीही आपटणं, असं झालं तर मी टेस्टमेम५ लावतो, तेही शेजारी ग्राफिक्स कार्डवर भार टाकून. फक्त रॅम खराबच असेल तर विंडोज चालू असताना बिघडलेला डेटा डिस्कवर लिहिला जाऊ शकतो, आणि विंडोजने स्वतःसाठी अडवलेली मेमरी त्याला तपासता येत नाही. पहिली चाचणी म्हणून मला तो म्हणूनच नको वाटतो.

एक चूक म्हणजेही नापास, हे तिन्हींना लागू. ‘आठ तासांत एकच आली’ असं म्हणून सोडून देणारे मित्र आहेत माझे. ती एक चूक सेव्ह फायलीत पडली की समजेल. उलट शून्य चुका आल्या तरी डीडीआर५ असेल तर जरा हात राखून बोला. तिच्या चिपमध्येच एका बिटाची चूक गुपचूप दुरुस्त करायची सोय असते, त्यामुळे कमकुवत होत चाललेली चिप काही काळ चाचणीला दिसतच नाही.

आणि इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल, गेम शेडर तयार करताना ग्राफिक्स मेमरी संपल्याची तक्रार करत बंद पडत असेल, तर रॅम काढायच्या आधी बायॉसची तारीख बघा. त्यांतली व्होल्टेजची भानगड इंटेलने २०२४ मध्ये मान्य केली आणि त्यावर मायक्रोकोड दिला. तो प्रोसेसर आधीच दुखावला गेला असेल तर अपडेटने बरा होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो. अशा मशीनवर मेमटेस्ट स्वच्छ आणि गेम आपटतोय, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर एकेक स्टिक काढायचा खटाटोप उरतच नाही. तिथे विंडोजची Extended चाचणीसुद्धा पुरे म्हणता येईल. तरी मी पेनड्राइव्हच लावीन, कारण बोर्ड बदलायचा खर्च सांगणाऱ्याला फोटो दाखवता येतो.