फक्त ईमेल की ईमेल आणि फोनची साखळी?

एकाच ग्राहकाच्या विखुरलेल्या नोंदी जोडायचे दोन मार्ग मी वापरलेत. पहिला सोपा: ईमेल सारखा, तर ग्राहक एक. दुसऱ्यात ईमेल किंवा फोन, काहीही जुळलं की नोंदी जोडायच्या, आणि ही जोडणी पुढे पुढे न्यायची.

चार ऑर्डरी घ्या. पहिली खात्यातून: ईमेल क, फोन १. दुसरी गेस्ट चेकआउटची: ईमेल ख, फोन १. तिसरीही गेस्टच: ईमेल ख, फोन रिकामा. चौथी: ईमेल ग, फोन २. नुसत्या ईमेलने तीन ग्राहक दिसतात आणि पुन्हा खरेदी करणारा एक, म्हणजे 33 टक्के. साखळीने पहिल्या तिन्ही ऑर्डरी एकाच माणसाच्या ठरतात. ग्राहक उरतात दोन, प्रमाण 50 टक्के. परतणारा एकच आहे, छेद मात्र बदलला.

म्हणून माझा कल साखळीकडे आहे. पण तिचा धोका मोठा आहे. फोनच्या रकान्यात कुणी 0000000000 भरलं, किंवा ऑफिसचा सामायिक नंबर दिला, की शेकडो अनोळखी माणसं एका गटात जातात. सर्वांत मोठे वीस गट उघडून नावं वाचा, गडबड लगेच दिसते. एका फोनवर पाचाहून जास्त ईमेल असतील तर तो नंबर मी जोडणीतून वगळतो.

जोडण्याआधी ईमेल लहान अक्षरांत आणा आणि फोनमधल्या मोकळ्या जागा काढा, देशाचा कोडही सगळीकडे सारखा करा. ईमेलची सफाई दोन्ही मार्गांत लागतेच, फोनची फक्त साखळीत.